तात्पुरता प्रवेश आणि कायम प्रवेश

उन्हाळा सरून आषाढ लागला की बीड जिल्ह्यातील तहसील कचेऱ्या, सेवा केंद्रे आणि जात पडताळणी समितीचे कार्यालय यांच्या दारांत एकच गर्दी उसळते. हातात कापडी पिशवी, पिशवीत जुन्या दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती आणि चेहऱ्यावर घालमेल, असे पालक सकाळपासून उभे असतात. यांतील बहुतेकांच्या मुलामुलींना अभियांत्रिकी, औषधनिर्माण वा कृषी महाविद्यालयात जागा मिळालेली असते. ती मुलाने स्वीकारलेली असते, शुल्क भरलेले असते आणि गावात पेढेही वाटून झालेले असतात. तरीही ही धावपळ चाललेली असते, कारण जी जागा मिळाली असे घरच्यांना वाटते, ती कायद्याच्या दृष्टीने अद्याप पुरती मिळालेली नसते. प्रवेशपत्रावर कोठेतरी बारीक अक्षरांत ‘तात्पुरता’ हा शब्द किंवा ‘मूळ प्रमाणपत्रांच्या अधीन राहून’ अशी ओळ छापलेली असते. या ओळीचा नेमका अर्थ काय, हे ती पुढे करणारे कार्यालयही क्वचितच समजावून सांगते.

तात्पुरता प्रवेश म्हणजे अर्धामुर्धा प्रवेश, अशी एक समजूत आहे. तात्पुरता हा केवळ औपचारिक शब्द असून पैसे भरले की जागा आपली झाली, अशी दुसरी समजूत आहे. दोन्ही समजुती चुकीच्या असून दुसरी अधिक घातक आहे. तात्पुरता प्रवेश मिळालेला विद्यार्थी वर्गात बसतो, प्रयोगशाळेत जातो, वसतिगृहात राहतो. त्याच्या दैनंदिन हक्कांत काहीही उणे नसते. उणे असते ते एवढेच की त्याने अर्जात जे सांगितले, त्याचा पुरावा अजून पूर्णपणे तपासला गेलेला नाही. ही तपासणी पूर्ण होऊन संबंधित अधिकाऱ्याने मान्यता दिली, म्हणजे प्रवेश कायम झाला.

ही मान्यता एका ठिकाणी मिळत नाही, तीन पायऱ्यांनी मिळते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेत जागेचे वाटप होते आणि विद्यार्थी ती स्वीकारतो, ही पहिली पायरी. महाविद्यालयात जाऊन मूळ कागद दाखवून शुल्क भरणे ही दुसरी. येथपर्यंत आलेल्या घराला आता सारे संपले असे वाटते. पण तिसरी पायरी अजून शिल्लक असते. महाविद्यालयाने पाठविलेली प्रवेशितांची यादी प्रवेश नियामक प्राधिकरण तपासते. खाजगी व्यावसायिक महाविद्यालयांसाठी हे प्राधिकरण २०१५ च्या राज्य कायद्याने अस्तित्वात आले आहे. दुसरीकडे विद्यापीठ आपल्या नियमांप्रमाणे पात्रता ठरविते. ही तपासणी वर्ग सुरू झाल्यावर काही महिन्यांनीही चालू असते. विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळाला की पुष्कळांना हायसे वाटते. परंतु तो क्रमांक विद्यार्थ्याची नोंद झाल्याचा पुरावा आहे, राखीव जागेवरील त्याचा हक्क सिद्ध झाल्याचा नव्हे.

कोणता कागद प्रवेश मोडतो?

सगळे कागद एका तागडीत तोलणे, ही पालकांची आणि पुष्कळदा लिपिकांचीही पहिली चूक असते. वास्तविक न मिळालेल्या कागदांचे तीन वर्ग पडतात आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो.

शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या मंडळातून आलेल्याचे स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र, हे पहिल्या वर्गातील कागद. विद्यार्थी एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत रीतसर आला, एवढेच ते सांगतात. गुणवत्ता यादीतील त्याचे स्थान त्यांवर अवलंबून नसते. म्हणून हे कागद उशिरा आले तर महाविद्यालय सामान्यतः हमीपत्र घेऊन मुदत देते. मुदतही टळली तर विद्यापीठ पात्रता रोखते आणि परीक्षेचा अर्ज अडकतो. त्रास होतो, पण एका दिवसात जागा जात नाही.

दुसऱ्या वर्गात पात्रतेचे कागद येतात. बारावीची गुणपत्रिका हा त्यांतील मुख्य. येथे कागदापेक्षा त्यातील आकडा महत्त्वाचा असतो. अभियांत्रिकीसाठी ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवाराला ४० टक्के गुण लागतात. हा आकडा गाठलेला नसेल तर मुदतवाढीचा प्रश्नच येत नाही. कारण जे अस्तित्वातच नाही, त्याचा पुरावा कितीही वाट पाहिली तरी येणार नाही.

तिसरा वर्ग सर्वांत नाजूक आणि बीडसारख्या जिल्ह्यात सर्वांत जास्त रडविणारा. ज्या कागदाच्या बळावर विशिष्ट जागा मिळाली, तो कागद या वर्गात मोडतो. जात प्रमाणपत्र व त्याची वैधता, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा म्हणजे नॉन क्रिमीलेयरचा दाखला, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र, अधिवास, दिव्यांगत्व आणि माजी सैनिकाच्या पाल्याचा दाखला हे सारे येथे येतात. यांतील एखादा मुदतीत आला नाही तर विद्यार्थ्याची गुणवत्ता शाबूत राहते, पण त्या जागेखालची जमीन निघून जाते. त्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेत दिलेल्या शेवटच्या तारखेनंतर अशी जागा आपोआप रद्द होते. तसा इशारा तीत दिलेला असतो. ही तारीख आणि तीस मिळणारी मुदतवाढ दरवर्षी बदलते, म्हणून गेल्या वर्षीच्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे ठरते.

या वर्गातील दोन कागदांत एक फरक आहे आणि तो लक्षात न घेतल्याने दरवर्षी जागा जातात. नॉन क्रिमीलेयर दाखला जुना असला तर तो नसल्यात जमा असतो. ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो वैध असावा लागतो. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा दाखला हवा होता. अकरावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला कपाटात जपून ठेवलेला असतो, त्याची मुदत कोणी पाहत नाही आणि कागदपत्रे तपासणीच्या दिवशी ती संपलेली निघते. अनुसूचित जाती व जमातींना हा दाखला लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग व सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग यांना लागतो. हा दाखला योग्य अर्ज आणि उत्पन्नाचे कागद दिल्यावर काही दिवसांत मिळतो. वेळेवर आठवण झाली की काम भागते. जात वैधतेचे तसे नाही. तेथे इतिहास खणावा लागतो.

वैधता म्हणजे काय

उपविभागीय अधिकाऱ्याने दिलेले जात प्रमाणपत्र हातात असताना पुन्हा वैधता कशासाठी, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर कायद्यात आहे. २००१ चा महाराष्ट्र अधिनियम २३ हा जात प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यांचे नियमन करतो. त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की सक्षम अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हे पडताळणी समितीच्या तपासणीच्या अधीन राहूनच वैध मानले जाईल. म्हणजे पहिले प्रमाणपत्र हा दावा आहे आणि दुसरे त्या दाव्याचा निवाडा. आठवे कलम आणखी कठोर आहे: आपली जात सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर आहे, सरकारवर नाही.

पडताळणी समितीसमोर पुरावा जुना असावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत. त्या तारखेपूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात तीच नोंदलेली होती, हे दाखवावे लागते. वाडवडिलांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली दप्तरातील जुने कागद आणि या सगळ्यांना जोडणारी शपथेवरची वंशावळ, हे त्याचे साहित्य. अनुसूचित जमातीचा दावा जिल्हा समितीकडे न जाता आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समितीकडे जातो, हेही पुष्कळांना ऐनवेळी कळते.

येथेच बीड जिल्ह्याचे दुखणे उघडे पडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळचे दप्तर बव्हंशी उर्दूत, कोठे मोडीत. ते वाचणारे मोजके आणि सांभाळणारी कार्यालये विखुरलेली. शिवाय शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या आजोबांचे बालपण असेच कोयता घेऊन फिरण्यात गेले, त्यांचे नाव शाळेच्या पटावर सापडणे दुर्मिळ. ज्याच्या घरी तीन पिढ्या साक्षर, त्याचा पुरावा एका दुपारी गोळा होतो. ज्याच्यासाठी आरक्षण आहे, त्याला मात्र पुराव्याअभावी वणवण करावी लागते. ही विसंगती कायदा करणाऱ्यांच्या मनात नसेल, पण कायदा राबविताना ती रोज दिसते.

एका मुलीचा मार्ग

एक उदाहरण घेऊन हा मार्ग पाहू. समजा, शिरूर कासार तालुक्यातील एक मुलगी वंजारी समाजाची आहे, म्हणजे भटक्या जमाती ड या प्रवर्गातील. वडील ऊसतोड मजूर. बारावीच्या विज्ञान शाखेत अभियांत्रिकीच्या विषयांत तिला ४३ टक्के गुण आहेत आणि प्रवेश परीक्षेत तिने बरे यश मिळविले आहे. जात प्रमाणपत्र तिच्याजवळ आहे. वैधतेचा विचार घरात प्रथम झाला तो निकाल लागल्यावर, जून महिन्यात. तिने समितीकडे अर्ज केला आणि अर्जाची पावती जोडून प्रवेश प्रक्रियेत भाग घेतला. त्या वर्षी पावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची सवलत होती, म्हणून तिला राखीव जागा मिळाली.

जुलैमध्ये समितीने त्रुटी काढली. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे १९६१ पूर्वीचा पुरावा अर्जात नव्हता. वडिलांचा दाखला होता, पण तो १९८० नंतरचा. वडील गावोगाव चौकशी करीत राहिले तेव्हा कळले की आजोबांचे धाकटे भाऊ गावच्या प्राथमिक शाळेत दोन इयत्ता शिकले होते. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात १९५८ सालची नोंद निघाली आणि तीत जात स्पष्ट लिहिलेली होती. आता मुख्याध्यापकांचा सही-शिक्क्याचा उतारा, चुलत आजोबांशी नाते दाखविणारी वंशावळ आणि तिचे प्रतिज्ञापत्र एवढे झाले की पुरावा उभा राहतो. परंतु तोवर ऑगस्ट उलटला. समितीला शंका वाटली तर ती प्रकरण दक्षता पथकाकडे पाठविते. पथक गावी जाऊन शाळेचे मूळ रजिस्टर पाहते, जबाब घेते आणि अहवाल देते. अहवाल विरुद्ध असेल तर अर्जदाराला नोटीस देऊन सुनावणी होते. या सर्वांना वेळ लागतो आणि प्रवेशाची शेवटची तारीख कोणासाठी थांबत नाही.

तारीख टळली आणि जागा रद्द झाली. आता खुल्या वर्गातून दुसरी जागा घेता येईल, असे कोणी तिला सांगितले. तेही खरे नाही. राखीव प्रवर्गाचा दावा गळताच तिला खुल्या वर्गाची ४५ टक्क्यांची अट लागली आणि ४३ टक्क्यांवर ती अभियांत्रिकीला पात्रच राहिली नाही. एक कागद न आल्याने नुसती राखीव जागा गेली असे नव्हे, पात्रताही गेली. ज्या विद्यार्थ्याचे गुण या दोन आकड्यांच्या मध्ये आहेत, त्याने वैधतेबाबत तसूभरही गाफील राहू नये, याचे कारण हेच. आणखी एक हानी कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटची फेरी होऊन गेल्यावर रद्द झालेली ती जागा रिकामीच राहते. तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या त्याच प्रवर्गातील मुलालाही ती मिळत नाही.

तिने हाच अर्ज अकरावीत असताना केला असता तर काय झाले असते? विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांमार्फत तसा अर्ज करता येतो. जुलैमध्ये निघालेली त्रुटी मग वर्षभर आधी निघाली असती, १९५८ चा उतारा तेव्हाच मिळाला असता आणि प्रवेशाच्या दिवशी तिच्या हातात पावतीऐवजी प्रमाणपत्र असते. घरात वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील कोणाला, म्हणजे काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाला पूर्वी वैधता मिळाली असेल, तर तो कागद पहिल्याच दिवशी जोडावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अपूर्वा निचळे प्रकरणात अशा वैधतेला महत्त्व दिले आहे. ती फसवणुकीने वा चौकशीविना मिळाली असेल, तेव्हाच समितीला ती बाजूला ठेवता येते.

मूळ हेतू आणि आजचा व्यवहार

तात्पुरत्या प्रवेशाची कल्पना मुळात कोठून आली, हे पाहिले म्हणजे आजचा व्यवहार किती फिरला आहे ते कळते. २ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुमारी माधुरी पाटील प्रकरणात निकाल दिला. तो खटला महाराष्ट्रातलाच, महादेव कोळी जमातीच्या दाव्याचा. खोट्या दाव्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा जातात, हे न्यायालयाने ठणकावून सांगितले आणि पडताळणीची पद्धत घालून दिली. त्यातच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पडताळणीचा अर्ज प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी करावा. दुसरी, चौकशी पूर्ण व्हायला उशीर झाला आणि प्रवेशाची तारीख संपत आली, तर असलेल्या प्रमाणपत्रावर किंवा प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा. मात्र तो तात्पुरता आणि समितीच्या निर्णयाच्या अधीन असावा.

या दोन वाक्यांचा अर्थ एकत्र लावला पाहिजे. विद्यार्थ्याने आपले काम वेळेत करावे. आणि उशीर दप्तराचा असेल तर त्याची झळ विद्यार्थ्याला लागू नये. तात्पुरता प्रवेश ही विद्यार्थ्याला दिलेली ढाल होती. आज तिचा उपयोग नेमका उलटा होतो. समितीकडे अर्ज पडून असतानाच मुदत संपते आणि रद्द होण्याचा दंड विद्यार्थ्याला बसतो. सरकारलाही हे कळते, म्हणूनच वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. २०२४ मध्ये नव्या मराठा आरक्षण कायद्याखालील विद्यार्थ्यांना वैधतेसाठी सहा महिन्यांची मुदत देण्यात आली. पण मुदतवाढ हा दरवर्षीचा प्रसाद झाला की कोणी तिच्या भरवशावर बसतो आणि कोणी ती येणार नाही या भीतीने हातची जागा सोडतो.

मराठवाड्यात या प्रश्नाला आता नवे परिमाण आले आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदींच्या आधारे कुणबी प्रमाणपत्रासाठी कार्यपद्धती घालून दिली. असे प्रमाणपत्र मिळालेल्या घरांनी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तेही २००१ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाखालीच येते. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रवेश पक्का झाला, असे मानणारा विद्यार्थी त्या मुलीच्याच वाटेने जाईल.

उशीर वेगळा, खोटेपणा वेगळा

कठोरपणा सर्वस्वी गैर आहे, असे कोणी म्हणू नये. पडताळणी मुदतीत झाली नाही म्हणून जागा जाणे आणि पडताळणीत दावाच अवैध ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या बाबतीत नुकसान त्या जागेपुरते राहते. वैधता नंतर मिळाली तर पुढील वर्षाचा मार्ग मोकळा असतो. दुसऱ्या बाबतीत २००१ च्या कायद्याचे दहावे कलम लागते. खोट्या ठरलेल्या प्रमाणपत्रावर मिळविलेला प्रवेश तर जातोच, त्या प्रवेशातून मिळालेली पदवी वा पदविकाही रद्द होते. शिवाय अकराव्या कलमाखाली शिक्षेची तरतूद आहे. समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. दाद फक्त उच्च न्यायालयात, म्हणजे बीडकरांना औरंगाबाद खंडपीठात, मागता येते.

न्यायालयांची भूमिकाही काळानुसार कडक होत गेली. २००० मध्ये मिलिंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हलबा कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत असे ठरविले. पण संबंधित विद्यार्थी तोवर डॉक्टर झाला होता व त्याच्या शिक्षणावर सार्वजनिक पैसा खर्च झाला होता, म्हणून त्याची पदवी काढून घेतली नाही. या उदारतेचा आधार पुढे शेकडो प्रकरणांत घेतला गेला. ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आधार काढून घेतला. फसविण्याचा हेतू होता की नव्हता, हे न पाहता अवैध दाव्यावर मिळालेले लाभ परत घेतले पाहिजेत, असे त्या पीठाने सांगितले. म्हणून ‘शिकून झाल्यावर कोण विचारतो’ हा सल्ला आज कोणी देत असेल तर तो विद्यार्थ्याचा वैरी समजावा.

याच्या दुसऱ्या बाजूला १९८० चा चार्ल्स स्कारिया निकाल आहे. केरळातील वैद्यकीय प्रवेशाच्या त्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक साधा भेद स्पष्ट केला: अर्हता वेगळी आणि अर्हतेचा पुरावा वेगळा. अर्हता ठरलेल्या तारखेपूर्वी अंगी असली पाहिजे. तिचा कागद निवड होण्यापूर्वी आला तर चालतो. शिरूरच्या त्या मुलीच्या बाबतीत हाच भेद लावून पाहावा. तिची जात जूनमध्ये जी होती तीच ऑक्टोबरमध्ये आहे. तिच्याजवळ नव्हता तो कागद, अर्हता नव्हे. ४० टक्के गुणच नसलेला विद्यार्थी आणि वैधतेची वाट पाहणारा विद्यार्थी यांना एकच नियम लावणे, हे कायद्याला धरूनही नाही आणि न्यायाला धरूनही नाही.

यातून वाट निघते ती अशी. प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याच्या सहा महिने आधी ज्याने समितीकडे परिपूर्ण अर्ज केला, त्याची जागा समितीच्या निर्णयापर्यंत तात्पुरती राहिली पाहिजे. मुदतीच्या कारणाने ती रद्द करता कामा नये. न्यायालयाने १९९४ मध्ये हेच सांगितले आहे, त्यासाठी नवा सिद्धांत शोधण्याची गरज नाही. ज्याने अर्जच उशिरा केला, त्याच्या बाबतीत मुदत कडक असावी. पण ती शेवटच्या फेरीच्या आधी संपावी, म्हणजे सुटलेली जागा त्याच प्रवर्गातील पुढच्या विद्यार्थ्याच्या पदरात पडेल. आणि ज्याचा दावा अवैध ठरला, त्याच्यासाठी दहावे कलम आहेच.

उरले काम शाळा-महाविद्यालयांचे. सरकारी निर्णयाची वाट न पाहता ते याच वर्षी होऊ शकते. जिल्ह्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावी विज्ञानाच्या राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांची यादी करून दिवाळीपूर्वी त्यांचे अर्ज समितीकडे पाठवावेत. दिवाळीपूर्वी म्हणण्याचे कारण उघड आहे: त्यानंतर निम्मे पालक उसाच्या फडात असतात आणि वंशावळीवर सही करायला घरी कोणी राहत नाही. प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांनी १९६७ पूर्वीची जनरल रजिस्टरे जिवापाड जपावीत. त्या जीर्ण पानांवरची एक ओळ साठ वर्षांनंतर कोणाच्या तरी नातीचा प्रवेश तात्पुरत्याचा कायम करीत असते.